हेलियम संपायच्या आत

वीज गेली तेव्हा नुजहतचा मेल अर्धाच लिहून झाला होता. भोरच्या सायबर कॅफेतले सगळे पडदे एकदम काळे झाले आणि मालक मागून ओरडला, "लोडशेडिंग! संध्याकाळपातूर न्हाई आता."

नुजहत आतार पुण्यात खगोलशास्त्रात पीएचडी करत होती. भावाच्या लग्नासाठी चार दिवस घरी आली होती आणि सकाळी सहज मेल बघायला बसली तर अमेरिकेहून निरोप. दोन हजार नऊचा एप्रिल संपत आला होता. स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीतला द्रवरूप हेलियम आता कधीही संपणार होता. तुमच्या धुळीच्या ढगाची दोन निरीक्षणं मंजूर आहेत, पण दोन्ही बसत नाहीत. एक निवडा, तेही आखडून घ्या आणि उद्यापर्यंत कळवा, असं त्यांनी लिहिलं होतं.

निवडायचा अधिकार तिच्या मार्गदर्शक प्रेरणा मॅडमचा. अर्ज त्यांच्या नावावर होता. आणि मॅडम शांतपणे लिखाण करता यावं म्हणून पानशेतच्या आपल्या घरी जाऊन बसल्या होत्या. मोबाईल लावला की बाई सांगायची, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. नुजहतनं सात-आठ वेळा ऐकलं आणि फोन पर्समध्ये आदळला.

घरी तिचे वडील फारूकभाई टेम्पोत मंडपवाल्याची पातेली चढवत होते. विंझरला पोचवायची होती.

"अब्बा, मला पानशेतला सोडा."

"पानशेत? आगं, घरात लगीन हाय. तुझी आम्मी मला जित्ता ठेवंल का?"

"विंझरला जाताच आहात ना? तिथून पाबे घाट उतरला की झालं."

"झालं म्हनं! घाट काय तुझ्या बापानं बांधलाय?" आपण काय बोललो ते ध्यानात येऊन फारूकभाई आणखीच चिडले. "बस. पन आम्मीला तूच सांग."

खुर्शिदाबींनी लेकीला काय सुनावलं ते गल्लीभर ऐकू गेलं. तरी टेम्पो निघाला.

नसरापूर मागे पडलं. मागं पातेली खणखणत होती. वेल्ह्याच्या रस्त्यावर खडीचं काम चाललेलं, पुढच्या ट्रकची धूळ सगळी काचेवर. फारूकभाईंनी दिवे लावले, काही उपयोग झाला नाही.

"एवडं काय अडलंय, सांग तरी," ते म्हणाले.

"आमची आकाशातली दुर्बीण गरम होणार आहे, तिला गार ठेवणारा हेलियम संपतोय. मग मला हवं ते दिसणार नाही."

"वर तर थंडीच आसंल की. गरम कशी हुईल?"

"सूर्य आहे ना वर. आणि तिची स्वतःची यंत्रं चालू असतात." नुजहतला समजावून सांगायचा अजिबात उत्साह नव्हता, पण गप्प बसून तरी काय करणार? "प्रत्येक वस्तू, ती जितकी गरम असेल तितका, न दिसणारा उजेड टाकते. आपण दोघंही टाकतोय. इन्फ्रारेड म्हणतात त्याला. ती दुर्बीण तोच उजेड बघते. आता तिचा आरसाच गरम असला तर तोच चमकणार. वीटभट्टीच्या तोंडाशी उभं राहून शेजारच्याच्या श्वासाची ऊब कळेल का तुम्हाला?"

"भट्टीपुढं कशाची ऊब कळतीया."

"म्हणून आरसा उणे दोनशे अडुसष्टला ठेवलाय. उजेड टिपणारी यंत्रं त्याहून गार. नाहीतर ती स्वतःच्याच उष्णतेनं गोंधळतात."

"मंग हेलियम भरायचा परत."

"गॅरेज आहे का तिथं, अब्बा?" ती वैतागून म्हणाली. "माठातलं पाणी पाझरून उडतं आणि माठ गार राहतो, तसा तो हेलियम उडत उडत गारवा देतो. साडेपाच वर्षं उडतोय. आता तळ लागला."

"आन बघायचं काय हाय?"

तिनं काचेकडे बोट केलं. "एक धुळीचा ढग. साध्या दुर्बिणीला नुसता काळा डाग दिसतो, तारेच नाहीत जणू. कारण ती धूळ धुराच्या कणासारखी बारीक, आपल्याला दिसणारा उजेड अडवते. पण इन्फ्रारेडच्या लाटा त्या कणांपेक्षा लांब, त्या निसटून बाहेर येतात. आत एखादा तारा जन्मत असेल, तर त्याच्या भोवतीची धूळ तापून उजेड टाकते. तोच पकडायचाय."

"आसंल का आत?"

"तेच तर माहीत नाही!"

विंझरला पातेली उतरवताना मंडपवाल्यानं झाकणं कमी आहेत म्हणून घोळ घातला. फारूकभाई त्याच्याशी भांडले आणि नुजहत उन्हात उभी राहून पुन्हा पुन्हा तोच नंबर लावत राहिली.

पानशेतला प्रेरणा मॅडम व्हरांड्यात कागद पसरून बसल्या होत्या. नुजहतला बघून त्यांनी चष्मा काढला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "छोट्या लहरींचा मोठा नकाशा घेऊ. ढगाच्या कडेचे शेकडो तारे मिळतील. पेपर नक्की."

"मॅडम, छोट्या लहरींच्या त्या दोन पट्ट्या हेलियम संपल्यावरही चालणार आहेत. चोवीस मायक्रॉनची लांब लहर मात्र कायमची जाणार. ढगाच्या मधली ती दाट काळी गाठ तेवढी चोवीसमध्ये बघू."

"आणि गाठ रिकामी निघाली तर? आजवर सगळ्यांनी तिला रिकामीच म्हटलंय."

"आजवर कोणी इतक्या बारकाईनं बघितलंच नाही."

"नुजहत, दुर्बीण गरम झाल्यावर आपल्याला पुन्हा वेळ मिळेल हे तुला कोणी सांगितलं? जगभरातून अर्ज येतात."

"आपणही करू. पण अर्ज करून हेलियम परत येत नाही!"

आवाज चढला होता. फाटकाशी उभे असलेले फारूकभाई खाली बघून चपलेनं खडा सरकवत राहिले. मॅडमनी पेनचं टोपण काढलं, लावलं.

"तुझ्या प्रबंधाचं एक प्रकरण यावर आहे. शून्य आलं तर ते तुझं जाईल, माझं नाही. तू हट्टी आहेस आणि मला याचा फार त्रास होतो. कर. मी संमती दिली असं लिही."

खडकवासल्याला एका कॅफेत इन्व्हर्टर होता. नुजहतनं नकाशा आखडून फक्त त्या गाठीपुरता ठेवला आणि मेल पाठवला. हळदीला ती पोचली तेव्हा बायका हात धुऊन उठत होत्या. आम्मी दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत.

निरीक्षण झालं. मे महिन्याच्या मध्यात हेलियम संपला.

आकडे आल्यावर पहिले काही दिवस नुजहतला नुसता गोंधळच दिसला. एका उल्केसारख्या ओरखड्यानं तिला आशा लावली, तो यंत्राचा दोष निघाला. तिनं तो पुसला, पार्श्वभूमी वजा केली. तेव्हा गाठीच्या ऐन मध्ये एक ठिपका उरला. तिनं तो तीन पद्धतींनी काढून बघितला. गेला नाही.

मॅडम तिच्या खुर्चीमागे येऊन पडद्यावर वाकल्या.

"मागचा एखादा लांबचा तारा असेल," त्या म्हणाल्या.

"असू शकेल."

"दीर्घिका असेल."

"तीही असू शकेल, मॅडम. पण बरोब्बर मध्ये?"

"मग सिद्ध कर. मी सहज सही करणार नाही." दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "आणि गरम दुर्बिणीचा अर्ज आजच लिहायला घे. छोट्या लहरींत तो दिसतो का, बघावं लागेल. आता माझाही हट्ट आहे."

नुजहतनं अब्बांना फोन लावला. मागं टेम्पोचं इंजिन धडधडत होतं.

"हाय का आत?" त्यांनी विचारलं.

"आहे बहुतेक. पण अजून भांडावं लागणार आहे."

"भांड," फारूकभाई म्हणाले. "फकस्त पुढल्या लग्नाच्या टायमाला नगं."