सगळ्यात कमी भरलेला आकडा

वहिनीची तपासणी आपण करायला नको होती, हे ठकीला प्रोब हातात घेतानाच कळलं होतं. पण सोनोग्राफीच्या खोलीत त्या दुपारी दुसरी डॉक्टर जेवायला गेलेली, बाहेर दादा येरझारा घालत होता आणि वहिनी म्हणाली, "तूच कर गं. परक्या बाईसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं होतं."

वहिनीचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं होतं. ना कळ, ना रक्त. नुसतं ओटीपोटात जड जड वाटलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत गर्भपिशवीचं तोंड उघडलेलं. आता पुन्हा पाचवा लागला होता. म्हणून दर पंधरा दिवसांनी त्या तोंडाची लांबी मोजायची, असं मोठ्या मॅडमनी ठरवून दिलं होतं. पंचवीस मिलिमीटरच्या खाली गेली, तर वाट न बघता उपाय करायचा.

"लघवीला जाऊन आलीस ना?"

"दोनदा. तुझ्या भावाने तिसऱ्यांदाही पाठवलं असतं."

पडद्यावर तोंड दिसलं. पहिल्या वेळी सत्तावीस. दुसऱ्या वेळी सव्वीस. तिसऱ्या वेळी ठकीने हात जरा सैल सोडला, तर आतली कड हळूच दुभंगली आणि आकडा बावीसवर आला. वहिनी हलली असेल, तिने मनाला सांगितलं आणि ते चित्र पुसून टाकलं.

"किती?" वहिनीने विचारलं.

"सत्तावीस. छान आहे."

दादाने बाहेर हुश्श केलं. आईला फोन लावून म्हणाला, "ठकीने स्वतः बघितलंय." या वाक्याने ठकीचा जीव टांगणीला लागला. पुढच्या बाईचं पोट तपासताना तिला मूत्रपिंडाच्या जागी वहिनीच्या गर्भपिशवीचं तोंड दिसायला लागलं. शिकाऊ मुलींना ती स्वतःच ओरडून सांगायची: प्रोब दाबू नका, दाबलं की तोंड लांब दिसतं, तीनदा मोजा आणि सगळ्यात कमी भरलेला आकडा धरा. सगळ्यात जास्त नव्हे! आणि आज तिनेच दाबलं होतं, तिनेच पुसलं होतं.

चहा तसाच थंड झाला. शेवटी ती उठली आणि वर मोठ्या मॅडमच्या खोलीत गेली.

"मॅडम, वहिनीचा आकडा मी चुकवला. तिसरा बावीस होता. मी टाकून दिला."

मॅडमनी चष्मा काढला. "घरच्या माणसाला कोण मोजतं गं? तू तर चांगली शहाणी आहेस."

"होते. आज दुपारपर्यंत."

"बोलाव परत. आजच. आणि तू बाहेर थांब."

दादा चिडलाच. "दुपारी छान, संध्याकाळी पुन्हा! तुमचं यंत्र आहे की लहर?" यंत्राला बोल लागला तर लागू दे, असं म्हणायचा ठकीला मोह झाला. मग तिने मान खाली घालून खरं ते सांगितलं. दादाने तिच्याकडे पाठ फिरवली आणि वहिनीला हाताला धरून खोलीच्या दारापर्यंत नेलं. ते जास्त झोंबलं.

दुसऱ्या डॉक्टरने मोजलं. एकवीस, वीस, एकोणीस. आतलं तोंड नरसाळ्यासारखं पसरलेलं.

मॅडमनी तिघांना समोर बसवलं. "दोन रस्ते आहेत. एक, गर्भ टिकायला मदत करणाऱ्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या, रात्री योनीमार्गात ठेवायच्या. आधी काही झालेलं नसतं आणि नुसतं तोंड आखूड दिसलं असतं, तर मी तेवढंच दिलं असतं. दुसरा, गर्भपिशवीचं तोंड बांधायला टाका. त्यात भूल आली, आणि क्वचित रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पाण्याची पिशवी फुटण्याची भीतीही."

"मग गोळ्याच बऱ्या," दादा घाईने म्हणाला.

"यांचं एक बाळ कळा न येता असंच गेलंय आणि आता पुन्हा तोंड आखूड होतंय. माझा कल टाक्याकडे आहे. आधी जंतुसंसर्ग नाही, कळा नाहीत, पाणी जात नाही, हे बघू. तरी टाका म्हणजे हमी नव्हे."

"आणि ती पडून राहिली तर? आई म्हणते पलंगावरून उतरूच नको."

"त्याने फायदा होतो असं दिसलेलं नाही. पाय मात्र आखडतात."

वहिनी इतका वेळ ओढणीचं टोक पिळत होती. "टाकाच घाला," ती म्हणाली. मग ठकीकडे वळली. "दुपारी दाबत होतीस तू. या बाईंनी दाबलं नाही. मला वाटलं, तुला काहीतरी दिसतंय."

"मग बोलली का नाहीस?"

"मलाही सत्तावीसच हवे होते ना गं."

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियागृहाच्या दारापाशी ठकीला बसवेना. खुर्ची, खिडकी, पुन्हा खुर्ची. दादाने तिला खाली खेचलं. "तूच बाळंत होतेयस का?"

मॅडम बाहेर आल्या. टाका नीट बसला होता, बाळाचे ठोके ठीक होते. सगळं सुरळीत राहिलं तर नववा लागल्यावर काढायचा.

दादाने बहिणीचा हात घट्ट धरला. "म्हणजे आता पक्कं ना? तू सांग, मी ऐकतो."

'हो' म्हणायला काय लागतं? तो शब्द ठकीच्या ओठांवर आलाच होता.

"पक्कं नाही, दादा," ती म्हणाली. "बांधलंय फक्त. आणि यापुढे मोजायला मी नसणार."