बाराव्या घरचा चहा

मुलगी दिपिका हिच्या लग्नाला अकरा दिवस उरले होते आणि बळीराम बायकोला, रंजिताला, घेऊन तिसऱ्या दिवशीही पत्रिका वाटत हिंडत होता. आगरी माणसांत पत्रिका नुसती हातात देऊन परत फिरता येत नाही. ती देवाजवळ ठेवायची, टेकायचं, पाहुण्यांची विचारपूस करायची आणि चहा घ्यायचा. रंजिताला चहाने पित्त उसळे, म्हणून यजमानीण आत वळली की तिचा कप बळीराम गुपचूप आपल्याकडे ओढून घेई. सकाळपासून अकरा घरं झाली होती. दोन फ्लॅटवाल्यांनी तर कौतुकाने कडक कॉफी दिली होती. जेवायला मात्र वेळ मिळाला नव्हता.

बारावं घर रोडपालीत, तिसऱ्या मजल्यावर, चुलतभावाचं. वहिनीने पुढे केलेला चहा संपवून बळीराम पत्रिकेवर नाव घालायला बसला, तर पेन कागदावर थरथरू लागलं. आडनावाचं शेवटचं अक्षर पार वाकडं गेलं. मग छातीत काहीतरी उलटलं. एक ठोका चुकल्यासारखा झाला, क्षणभर सगळं थांबलं आणि पुढचा ठोका असा जोरात पडला, की त्याने शर्टावर हात दाबला. पाठोपाठ काळीज धावतच सुटलं.

त्याच्या मनात एकच गोष्ट आली. त्याचे वडील मिठागरात मीठ ओढताना, अठ्ठेचाळीस वर्षांचे असताना, उभ्या जागीच कोसळून गेले होते. त्यांना काय झालं ते कुणालाही शेवटपर्यंत कळलं नव्हतं. बळीराम आता चोपन्नचा होता.

रंजिताने त्याचा चेहरा पाहिला आणि गाडीची किल्ली काढून घेतली. समोरच्याच इमारतीत डॉ. चारुता यांचा दवाखाना होता. भावाने आधार देऊन त्याला तिथवर नेलं.

डॉक्टरांनी आधी घाईने पण शांतपणे विचारलं. छातीत दुखतंय का, दम लागलाय का, डोळ्यांपुढे अंधारी आली का, कधी चक्कर येऊन पडलात का. सगळ्याला नाही. तंबाखू नाही, सर्दीची किंवा दुसरी कसली गोळी घेतलेली नाही. वडिलांचं त्याने आपणहून सांगितलं. मग चहाचा प्रश्न आला. बळीराम बोटं मोजू लागला आणि मध्येच थांबला. रंजिता म्हणाली, "एकोणीस कप, मॅडम. माजे धरून. वर दोनदा कॉफी."

डॉक्टर हसल्या नाहीत. बहुतेक हे चहाचंच असावं, त्या म्हणाल्या. पण पन्नाशी ओलांडलेला माणूस, वडील अचानक गेलेले आणि धडधड या क्षणी चालू, तर केवळ अंदाजावर सोडता येणार नाही. ईसीजी आत्ताच काढू. धडधड चालू असतानाच काढलेला आलेख सगळ्यात जास्त सांगतो.

त्याला आडवं केलं. सिस्टरने मनगटांना आणि घोट्यांना चिमटे लावले, छातीवर गार जेल लावून सहा जागी रबरी फुगे चिकटवले. अंगात करंट सोडणार का, असं त्याने हळूच विचारलं. सिस्टर म्हणाली, "आम्ही काही सोडत नाही. तुमच्या अंगातला जो आहे, तोच फक्त लिहून घेतो."

बळीरामने मान उचलून छातीवरच्या फुग्यांकडे पाहिलं. माझ्या अंगात करंट?

यंत्र घरघरलं आणि गुलाबी चौकटींच्या कागदाची पट्टी बाहेर सरकू लागली. डॉक्टरांनी ती उलगडून खिडकीच्या उजेडात धरली, बारकाईने पाहिली, आणि मग त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या. आधी एक लहानसा उंचवटा, मग उभं टोक, मग एक गोल टेकाड, आणि पुन्हा तेच. "हा लहान उंचवटा म्हणजे वरच्या कप्प्यांना मिळालेला इशारा. हे टोक खालच्या मोठ्या कप्प्यांचं. गोल टेकाड आलं की ते पुढच्या ठोक्यासाठी तयार होतात. वेग मिनिटाला एकशे चार आहे, जास्त आहे, पण ठेका बरोबर आहे." मग त्यांनी एका जागी नख टेकवलं. तिथे एक ठोका वेळेआधी आला होता आणि त्याच्यामागे मोठी मोकळी जागा होती. "मघाशी तुम्हाला थांबल्यासारखं वाटलं ते हे. तेवढ्या वेळात हृदयात जास्त रक्त भरतं, म्हणून पुढचा ठोका दणकन जाणवतो. हृदय थांबलेलं नसतं."

बळीराम त्या मोकळ्या जागेकडे पाहत राहिला. आपल्याला मरण वाटलं होतं, ते कागदावर बोटाच्या पेराएवढं होतं, आणि त्याच्या पलीकडे रेघ पुन्हा उभी राहिली होती.

"हे झोपंत पन चालतं?" त्याने विचारलं.

"दिवसाला साधारण एक लाख ठोके. तुमचे आजवर दोनशे कोटींच्या आसपास झाले असतील. तुम्ही आईच्या पोटात होतात तेव्हापासून."

त्याने रंजिताकडे पाहिलं. तीही त्या पट्टीकडे बघत होती आणि तिचा हात नकळत स्वतःच्या छातीवर गेला होता.

मग डॉक्टरांनी त्याला उठून बसवलं. नाकाने श्वास घ्या, मनात चारपर्यंत मोजा. मग सहा मोजत हळूहळू सोडा. ओढून घेऊ नका, पोट हलू द्या. पहिले काही श्वास अडखळत गेले. नंतर खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. पाच मिनिटांनी त्यांनी नाडी पाहिली, अठ्ठ्याऐंशी. आपण नुसतं हळू श्वास सोडल्याने आतलं ते एवढं मोठं काम थोडं ऐकतं, हे बळीरामला ईसीजीपेक्षाही नवलाचं वाटलं.

चहा एकदम तोडू नका, त्यांनी बजावलं, डोकं दुखेल. आधी निम्मा करा, मग रोज एखादा कमी, दोन-तीन कपांवर या. दुपारनंतर नको, कारण चारला घेतलेल्यातला निम्मा अंमल रात्री नऊ-दहालाही अंगात असतो. रक्त तपासायचं, थायरॉइडसकट. वडिलांचं असं झालेलं असल्यामुळे याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांकडे सोनोग्राफी. आलेख चांगला आला म्हणून सगळं संपलं असं नाही. धडधड पुन्हा पुन्हा आली तर चोवीस तास ठोके नोंदवणारं यंत्र लावू. आणि छातीत दुखलं, दम लागला, घेरी आली किंवा चालता-चढताना धडधड सुरू झाली, तर माझी वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठायचं.

संध्याकाळी घरी त्याने पट्टीची झेरॉक्स आई सखूबाईच्या मांडीवर पसरली. तिने आयुष्यभर मिठाच्या वाफ्यांवर काम केलेलं. बोटांच्या पेरांना अजून भेगा होत्या. तिने एकेका टोकावरून बोट फिरवलं.

"तू पोटात व्हतास तवा मना हातालाच कळं," ती म्हणाली. "कागूद लागला नाय." मग तिने तो कागद तसाच धरून ठेवला. नवऱ्याचा असा एखादा कागद असता तर, हे तिच्या मनात आलं असणार. बळीरामने ते विचारलं नाही.

दोन दिवस त्याचं डोकं ठणकलं. तिसऱ्या दिवशी उतरलं आणि त्या रात्री तो कितीतरी आठवड्यांनी सलग झोपला. रक्ताचे रिपोर्ट ठीक आले, सोनोग्राफीत हृदयात काही बिघाड दिसला नाही. मधूनमधून एखादा ठोका अजून आधी पडे. तो आता घाबरत नसे, फक्त थांबून त्याच्याकडे लक्ष देई.

शेवटची पत्रिका मोरा बंदरावर, मामाकडे होती. मामा जेट्टीजवळ जाळी विणत बसलेले. बळीरामने चहाला हात जोडले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. म्हणून त्याने सगळं सांगितलं, करंट, टोकं, मोकळी जागा, दोनशे कोटी. मामांनी सुई खाली ठेवली.

"माजे किती झाले असतील रे?" पंचाहत्तरी ओलांडलेल्या मामांनी विचारलं.

बळीरामने त्यांचं मनगट हातात घेतलं, अंगठ्याच्या बाजूला बोटं टेकवली आणि घड्याळाकडे पाहत मोजू लागला. मामी दारात आल्या आणि तिथेच थबकल्या. जेट्टीकडे होडीचं इंजिन सुरू झालं, तरी मामा मान न हलवता आपल्या हाताकडे पाहत होते, जणू तो हात त्यांना आजच कुणी दिला होता.