शेवतेवाडीचं कुंपण

दिगूचं तेरावं झालं आणि आमच्या वाडीतली घरं उठून जाऊ लागली. दिगू माझा धाकटा भाऊ. शेवते आडनावाचा शेवटचा मुलगा.

पहिलं सुताराचं घर भिंती-छपरासकट निघालं. त्याचं वतन मूळच्या जांभूळगावात होतं. बलुतं गावाला बांधलेलं असतं, वाडीला नाही. आमचा पणजोबा दूरच्या शेताजवळ राहायला म्हणून जांभूळगाव सोडून इथं आला, मागून इतर घरं आली. गावाला नाव झाडानं दिलं होतं, वाडीला आम्ही.

वाण्याचं घर फत्तेपूरला गेलं. कुणा सरदारानं लढाई जिंकून तट बांधला, वेशीच्या आत पेठ वसवली, ते पूर. वाण्यांची मूळ गादी तिथलीच. मास्तरांचं घर मात्र नव्या नगरात गेलं. तिथं माणसांच्या आधी नकाशा आला होता. त्यांच्या ओसरीचा वाढीव भाग प्लॉटच्या हद्दीवर कापला गेला. मास्तर तुटलेला कठडा हातात धरून उभे होते.

आमचं घर उरलं. आमचे वडील, आबा, खाटेवर बसले होते.

"आबा, चला माझ्याकडं."

"मी निघालो तर ही शेवतेवाडी कशी राहील? पोराचं नाव आहे त्यात."

मी त्यांच्या चपला उंबऱ्यापाशी मांडल्या. त्यांनी पाय वर घेतले.

दुपारी वाडीभोवतीचं शेराच्या झुडपांचं कुंपण आत सरकलं. संस्कृतात वाट म्हणजे कुंपण, आणि वाडी त्याच्यावरूनच आलेली. वाडीचं बाकी सगळं गेलं तरी कुंपण राहणारच. त्यानं गोठा ओलांडला, तुळस ओलांडली, मग भिंती. काही मोडलं नाही. कुंपणाबाहेर पडलेलं नुसतं माळरान झालं.

मी खाटेपाशी आबांचा हात धरून उभी राहिले. कुंपण माझ्यापर्यंत आलं आणि माझ्यातून पलीकडं गेलं. अंगावर ओरखडासुद्धा उठला नाही. मी बाहेर होते.

"आबा, मी पण शेवतेच ना?"



"होतीस की," ते म्हणाले. "लगीन मीच लावलं तुझं."

हात अजून माझ्या हातात होता. मी ओढला, दोन्ही पाय रोवून ओढला. फांद्या तुटल्या, चीक माझ्या मनगटावरून ओघळला. आबांनी दुसऱ्या हातानं माझी बोटं एकेक करून सोडवली, लहानपणी जत्रेत पाळण्याच्या दांड्यावरून सोडवायचे तशी, न दुखवता.

कुंपण आता धान्याच्या कणगीएवढं उरलं होतं. मी त्याला कान लावला.

"दिगू जेवला का गं?" आतून आबांनी विचारलं.

"जेवला," मी म्हणाले.

कुंपण आणखी वीतभर आत सरकलं.