बोटभर आखूड निळी पट्टी

अध्यापन विद्यालयात आमचा शेवटचा पाठ तपासायला ज्या परीक्षक बाई येत, त्यांना आम्ही आपापसात कात्री म्हणायचो. गुण कापायच्या म्हणून. मागच्या वर्षी त्यांनी मला नापास केलं होतं. पुन्हा नापास होणाऱ्या मुलीला विद्यालय ठेवून घेत नसे, आणि दादानं घरी बजावलं होतं की, या खेपेला जमलं नाही तर शिकणं बास, वहिनीच्या हाताखाली राहायचं. वहिनीचा हात कसा आहे ते मला ठाऊक होतं.

इतकी वर्षं झाली, पण ओल्या खडूचा वास आला की आजही त्या पाठाचा वर्ग आठवतो.

शाळेतल्या मुलींच्या वर्गावर पाठ होता, भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज. फळ्याखालच्या कडेवर मी पट्ट्या मांडल्या होत्या. पांढरी म्हणजे पूर्ण, लाल म्हणजे अर्धा, निळी म्हणजे एक तृतीयांश, पिवळी म्हणजे एक पंचमांश, हिरवी म्हणजे एक षष्ठांश. निळ्या तेवढ्या माझ्या खोलीतल्या मैत्रिणीनं कापून दिल्या होत्या, मी बाकीच्या करत होते म्हणून.

परीक्षक बाई शेवटच्या बाकावर बसल्या. पेन्सिलीला टोक काढून त्यांनी ती कागदावर टेकवली.

मी विचारलं, अर्धा आणि एक तृतीयांश मिळून किती? खिडकीजवळची दोन वेण्यांची मुलगी ताडकन उभी राहिली. "दोन पंचमांश, बाई. वर एक अधिक एक दोन, खाली दोन अधिक तीन पाच." सगळ्या वर्गानं माना डोलावल्या. मागे पेन्सिल हलली.

हे उत्तर येणार हे मी धरून चालले होते. तिलाच बोलावून लाल पट्टीखाली दोन पिवळ्या ठेवायला सांगितलं. पिवळ्या लालच्या आतच संपल्या.

"अर्ध्यात भर घातली, आणि उत्तर अर्ध्याहूनही कमी?" मी म्हणाले. "अशी भर घालणारी माणसं असतात म्हणा, पातेल्यात वाटीभर ओतताना दोन वाट्या सांडणारी."

पोरी हसल्या. मला जरा धीर आला. छेद म्हणजे पूर्णाचे किती सारखे भाग केले ते, म्हणजे तुकडा केवढा ते सांगणारा आकडा, त्याची बेरीज करायची नसते, हे मी समजावलं. तुकडे एकाच मापाचे हवेत. दोन आणि तीन या दोघांच्याही पाढ्यात पहिल्यांदा येणारी संख्या सहा. म्हणून अर्ध्याचे तीन षष्ठांश, तृतीयांशाचे दोन षष्ठांश, मिळून पाच षष्ठांश.

"आता पडताळून बघू," असं म्हणत मी लालला जोडून निळी ठेवली आणि खाली पाच हिरव्या मांडल्या.

जुळेना. हिरव्या बोटभर पुढे गेल्या.

पट्ट्या पुन्हा सरकवल्या. तेच. तळहाताखाली ते बोटभर अंतर झाकावं आणि पुढे जावं, एवढंच डोक्यात येत होतं. हात तिकडे गेलाही. तेवढ्यात ती दोन वेण्यांची म्हणाली, "मग बाई, पाच षष्ठांशही चुकलं का?"

मागून पेन्सिलीची खरखर ऐकू येत होती. माझ्या डोळ्यांसमोर वहिनीची मोरी आली. तरी मी हात काढला आणि विचारलं, कोण चुकलं असेल, बेरीज की पट्टी? कसं शोधाल?

ती पुढे आली. तिन्ही निळ्या एकापुढे एक लावून तिनं पांढरीखाली धरल्या. तीन बोटं कमी पडल्या.

"या आपल्या पांढरीचे भाग नाहीतच," ती हळूच म्हणाली. "दुसऱ्याच आखूड पट्टीचे आहेत."

मैत्रिणीचा निळा पुठ्ठा मुळातच आखूड होता. मी पांढरीएवढा कागद फाडला. घडी तिनंच घातली, बरोब्बर तीन सारखे भाग करून. त्यातला एक तुकडा लालला जोडला. खाली पाच हिरव्या काठाला काठ लावून बसल्या.

तास संपल्यावर परीक्षक बाई पुढे आल्या. मुलीला विचारलं, एक चतुर्थांश आणि एक षष्ठांश? तिनं ओठांतल्या ओठांत पाढे म्हटले. "दोघांत बारा येतात. तीन आणि दोन. पाच द्वादशांश."

मग त्यांनी ती आखूड निळी पट्टी उचलली. "ही मुद्दाम आणली होती?"

हो म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण त्यांच्या नजरेपुढे खोटं टिकेल असं मला वाटेना.

"नाही बाई," मी म्हणाले. "आखूड निघाली. मला आत्ताच कळलं."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. माझी मनातल्या मनात ट्रंक भरून झाली होती.

"पुढच्या वर्गावर मुद्दाम न्या," त्या म्हणाल्या आणि पट्टी माझ्या हातात ठेवली. "पण झाकायला हात नेला होता, ते मी पाहिलं. तेवढे गुण कापले आहेत."

तेवढेच कापले होते.