दोन नंबरचा काउंटर अन् माझी बदली

बदलीचा अर्ज मी चार वेळा लिवला. पहिला इतका रडका झाला होता की वाचून मलेच माझी कीव आली. चौथा जरा जमला. "मी सहा वर्षांपासून मानोरा शाखेत लिपिक आहे. पती पुण्यात नोकरीस असून अडीच वर्षांची मुलगी त्यांच्याकडे आहे. तिला सांभाळणाऱ्या सासूबाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले आहे. तरी पुणे शहरात बदलीसाठी आपली शिफारस मिळावी, ही विनंती."

आमच्या बँकेत म्यानेजरच्या शिफारशीबिगर अर्ज विभागीय कार्यालयात गेला तरी तिथं कोनी त्याच्याकडं पाहत नाई. म्हणून मी तो काळबांडे साहेबाच्या हातातच दिला. त्यायनं तो दोनदा वाचला, चश्मा पुसला, अन् म्हणाले, "अर्ज फार सुंदर आहे, मॅडम."

"मंग सही करता का?"

"नाई."

अस्सा राग आला म्हणता! काहून, म्हणून विचारलं तर म्हणे, आजूबाजूला तांडेच तांडे, तिथल्या बाया केवायसीसाठी येतात, अन् गोरमाटी बोलनारं तुमच्याशिवाय शाखेत आहे कोन? हे खरं होतं. मी कामरगावची, भाजीवाल्याच्या घरची. गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्याईची बोली, मले इथंच तांड्यावरल्या गोमतीबाईनं शिकवली, काउंटरवर, एकेक शब्द. मी चांगलं काम केलं, तेच माझ्या गळ्याशी आलं. दिवाळीपासून पोरीले हात लावला नव्हता मी. व्हिडिओ कॉलवर ती आजीले 'आई' म्हणे, अन् मले 'फोनमधली आई'. माझा नवरा पवन हसे. मी बी हसो, अन् फोन ठेवून बाथरूमात जाऊन रडो.

दुसऱ्या दिवशी माझे सुजलेले डोळे गोमतीबाईनं बरोबर पकडले. साठीची बाई, हातभर बांगड्या, बँकेत आली की शिपाई देवानंद उठून खुर्ची देते. मी सांगून टाकलं सारं. ती तडक उठली, सोबतच्या सात बायाईले हाक मारली, अन् सरळ साहेबाच्या केबिनमध्ये. मी मांगं मांगं पळाली.

साहेबाले वाटलं, बाया मले जाऊ देऊ नका असं सांगाले आल्या. खूश झाले. "पाहा मॅडम, लोकाईचं प्रेम!"

"प्रेम गेलं चुलीत," गोमतीबाई म्हणाली. "लेकरू तिकडं अन् माय इकडं! सही कर."

"पण बाई, तुमच्याशी बोलनार कोन?"

"तू."

"मी?"

"हिले येत होतं का? म्या शिकवलं. तुले बी शिकवतो. शाळा शिकेल दिसतं, येईन तुले."

बाकीच्या सात जणी केबिनच्या दारातच ठाण मांडून बसल्या. देवानंदनं चहा मांगवला. अर्ध्या तासानं साहेब म्हणाले, "ठीक आहे, शिकतो."

मंग महिनाभर जे झालं ते पाहाले लोक मुद्दाम येत. रोज बारा ते एक साहेब माझ्या दोन नंबरच्या काउंटरजवळ खुर्ची टाकून बसत अन् गोमतीबाई त्यायची वही तपासे. चुकलं की बांगड्या आपटे. एका म्हातारीले आधार कार्ड मांगायचं, तर ह्यायनं भलतंच काहीतरी विचारलं. म्हातारीनं काठी उचलली. साहेब केबिनमध्ये पळाले अन् आतून कडी लावली! पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले, हे सांगितलंच पाहिजे. शेवटच्या आठवड्यात त्यायनं एका याडीचा, म्हणजे तांड्यावरल्या एका मायचा, पूर्ण फॉर्म मले न विचारता भरला. गोमतीबाई म्हणाली, "पास."

त्याच दुपारी साहेबानं अर्जावर लिवलं, "कौटुंबिक अडचण खरी आहे. शाखेत बंजारा बोली येणारा पर्यायी कर्मचारी उपलब्ध आहे. बदलीची शिफारस करतो."

देवानंदनं मान वाकडी करून वाचलं. "पर्यायी कर्मचारी म्हणजे कोन जी?"

"मी," साहेब म्हणाले, अन् शिक्का इतक्या जोरानं मारला की पेनस्टँड पडलं.

मे महिन्यात ऑर्डर आली. माझ्या जागी नवा पोरगा रुजू झाला, तवा मले मोकळं केलं. निघताना गोमतीबाईनं माझ्या ओटीत खारका टाकल्या. मी तिच्या गळ्यात पडली अन् भरल्या बँकेत भोकाड पसरलं. साहेबानं तिले गोरमाटीत काहीतरी म्हटलं. ती खुदकन हसली. काय म्हटलं, ते दोघंही मले सांगत नाईत.

पुण्याले सकाळी पोचली. पवननं दार उघडलं. सासूबाई पाय लांबवून सोफ्यावर बसल्या होत्या, अन् माझी वैभवी त्यायच्या मांगं लपून मले पाहत होती. जवळ यायेना. मंग तिनं टेबलावरचा फोन उचलला, त्याच्यात पाह्यलं, उलटा करून मांगून पाह्यलं, पुन्हा माझ्याकडं पाह्यलं.

"आजी," ती घाबरून म्हणाली, "फोनमधली आई बाहेर पडली!"