बरणीतला ओळखीचा वास

हॉस्पिटलात तिला सगळे कोंडाबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं आणि तिची हरकतही नव्हती. समोर बसलेल्या प्रत्येक पेशंटला कोंडा, साली आणि बिया यांचं महत्त्व पटवल्याशिवाय उठू न देणाऱ्या आहारतज्ज्ञ बाईला लोक दुसरं काय म्हणणार? जिन्याखालच्या तिच्या खोलीत एक टेबल, एक वजनकाटा, एक छोटा मिक्सर आणि बियांच्या बाटल्या एवढाच संसार होता. त्यातल्या जवसावर तर ती झोपेतही बोलली असती. दाण्याचं साल टणक आणि गुळगुळीत असतं, अख्खा गिळला तर पोटाला ते फुटत नाही, आतलं तेल आणि बाकीचं सगळं आतच राहतं आणि दाणा आला तसा निघून जातो. म्हणून दळून खायचा. हे ती रोज सांगत असे. शिपायालाही सांगून झालं होतं, आणि त्याने विचारलंही नव्हतं.

एकाच माणसाला ती हे सांगायला विसरली आणि तो माणूस म्हणजे तिचे वडील.

बाबा शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. आई गेल्यापासून एकटे राहत, तैलचित्रं काढत आणि कुणाचं ऐकत नसत. मुलीने आहारशास्त्र घेतलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "जेवायला काय शिकायचं असतं?" त्यानंतर या विषयावर त्यांनी तिला काही म्हणजे काही विचारलं नाही. डोकं दुखलं, झोप लागली नाही, की ते इमारतीखालच्या औषधवाल्याकडे जात. तिच्या खोलीबाहेर माणसांची रांग लागायची आणि जन्मदात्याला तिच्यापेक्षा तो चूर्णाच्या पुड्या विकणारा जवळचा. तिला याचं वाईट वाटायचं. खरं सांगायचं तर फारच वाईट वाटायचं, आणि इतक्या मोठ्या वयात याचं वाईट वाटतं याची लाजही वाटायची.

म्हणूनच एका दुपारी बाबांचा फोन आला आणि ते म्हणाले, "डॉक्टरांना दाखवलं. काळजीचं काही नाही म्हणाले. पण पोट साफ होत नाही गं. तुझ्या शास्त्रात याला काही आहे का?" तेव्हा कोंडाबाई खुर्चीतून उठून उभी राहिली. इतक्या वर्षांचं भाषण एका क्षणात घशाशी गोळा झालं आणि त्यातून बाहेर पडलं ते एवढंच, "रोज एक चमचा जवस घ्या. वर भरपूर पाणी." फोन ठेवल्यावर तिने शेजारच्या नर्सला पेढा द्यावा तशी ही बातमी दिली. 'दळून' हा शब्द कुठे राहिला, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

दोनेक महिन्यांनी बाबांनीच हिशेब दिला.

"जवस नेमाने घेतोय," ते म्हणाले. "पण त्यांची माझ्यात मुक्काम करायची इच्छा दिसत नाही. गेले तसे निघाले. धुतले तर पुन्हा बाटलीत भरता येतील."

"अख्खे गिळलेत?"

"मग काय करायचं होतं? सोलायचे होते?"

गाळलेला 'दळून' हा शब्द तिला तेव्हा आठवला.

आता चूक सुधारायची ती अशी की बापाने बघत राहावं, असं तिने ठरवलं. जवस दोन किलो आणला. मिक्सरची पहिली फेरी उत्साहात इतका वेळ फिरवली की तेल सुटून भांड्यात गरम गोळा झाला. मग थांबून थांबून, जरा जरा फिरवत सगळा दळला आणि एका मोठ्या, देखण्या काचेच्या बरणीत भरला. पेशंटना ती नेहमी बजावायची: दळलेला जवस आठवड्यापुरताच करा, घट्ट झाकणाच्या डब्यात घाला आणि फ्रीजमध्ये ठेवा. अख्खा दाणा कोरड्या, थंड जागी महिनोन्महिने टिकतो, दळलेला टिकत नाही. पण फ्रीजमधली बरणी दिसते कुणाला? ही बरणी दिसायला हवी होती. सकाळी चहा करताना बाबांना दिसावी आणि मुलीचं शास्त्र आठवावं. तिने ती बाबांच्या स्वयंपाकघरात शेगडीशेजारी, उन्हाच्या खिडकीत ठेवली आणि दोन पावलं मागे जाऊन कौतुकाने बघितली.

पुढे हॉस्पिटलच्या कामात ती अशी अडकली की त्या घरी पुन्हा पाऊल टाकायला बराच काळ गेला. गेली तेव्हा बाबा स्वयंपाकघरात दह्यात चमचाभर जवस कालवत होते.

"पोट कसं आहे?"

"पोट बरं आहे," बाबा म्हणाले आणि घास गिळताना त्यांचा चेहरा पार आक्रसला.

तिने बरणीचं झाकण उघडलं आणि नाकात एक वास शिरला. डोळे आपोआप मिटले. तिला लहानपणची बाहेरची खोली आठवली, ब्रश पुसायची फडकी, बाबांच्या शर्टाची बाही. आपल्या घराचा वास, असं तिच्या मनात आलं आणि ती तशीच उभी राहिली, अगदी भावुक होऊन. मग हळूहळू दुसरा विचार डोकावला: बाबांच्या रंगांचा वास खायच्या बरणीत काय करतोय?

तिने चिमूटभर जिभेवर ठेवलं. कडूजहर.

"बाबा, हे खराब झालंय. कधीपासून असं लागतंय?"

"बरेच दिवस." बाबा शांतपणे म्हणाले. "मी रंगात जवसाचंच तेल घालतो ना? सगळी हयात याच वासात गेली. म्हटलं, जवस म्हटल्यावर वास असाच येणार. आणि तू दिलंस. तू सांगितलंस म्हणजे बरोबरच असणार."

हे ऐकून तिला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. अख्खं हॉस्पिटल जिला बियांची बाई म्हणून ओळखतं, तिने बापाला रोज सकाळी चमचाभर व्हार्निश चारलं होतं, आणि वर वास ओळखीचा म्हणून आता स्वतः हुंगून गहिवरलीही होती.

"ते तेल हवेने घट्ट होतं," बाबा विचार करत म्हणाले, "म्हणून तर चित्र वाळतं. इथेही तेच झालं म्हणायचं. दाणा फुटला, तेल उघडं पडलं, वर ऊन. बरं झालं, आतून रंगाचा एक हात मारून झाला."

"हसू नका. मी दोनदा चुकले. यापुढे तुम्ही त्या औषधवाल्यालाच विचारा," ती म्हणाली आणि तिला रडूच आलं.

बाबांनी बरणी कचऱ्याच्या पिशवीत उपडी केली. मग फडताळातून स्वतः पूर्वी आणलेल्या अख्ख्या जवसाचं उरलेलं पाकीट काढलं आणि मिक्सरचं लहान भांडं तिच्यापुढे ठेवलं. "आता पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस."

तिने सांगितलं. मूठभरच दळा, आठवड्यापुरता. सुरुवातीला लहान चमचा, पोटाला सवय झाली की मोठा चमचा, त्याहून फार नको. पाणी भरपूर. तुमची रोजची रक्तदाबाची गोळी आणि जवस एकदम नको, मध्ये तासा-दोन तासांचं अंतर. आणि डबा फ्रीजमध्ये, मागे, कुणाला दिसला नाही तरी चालेल. बाबांनी ताजी भरड हुंगली. "अरेच्चा, याला तर वासच नाही," ते म्हणाले, जरा नाराज होऊन.

कचऱ्याची पिशवी टाकायला दोघं खाली उतरली. दुकानातून औषधवाल्याने हाक मारली, "सर, ते पोटाचं नवीन चूर्ण आलंय. देऊ का?"

"नको," बाबा म्हणाले. "आमच्या घरात तज्ज्ञ आहे."

एवढ्या वर्षांत हा शब्द त्यांनी तिच्यासाठी पहिल्यांदा वापरला. तिला कुठे बघावं कळेना. बाबा तिच्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "आता तिसऱ्यांदा तोंडघशी पाडू नकोस."

ती मान खाली घालून चालू लागली आणि मनातल्या मनात पुन्हा घोकू लागली: दळून, थोडा थोडा, फ्रीजमध्ये.