एकोणीस माडांचं एक वर्ष

एक वर्ष मागितलं, तिथेच बीयुम्मा चुकली. तीन मागायला हवी होती. पण जन्मभर माडाखाली राहिलेल्या बाईला फूल ते नारळ बारा महिने हे पाठ असतं. त्याच्या मागचं कोण मोजत बसतं?

केरळातल्या तानूरच्या त्या परड्यात एकोणीस माड. बत्तीस वर्षांपूर्वी नवऱ्याने तलाक देऊन माहेरी पाठवलं, त्या सालात तिने स्वतः खड्डे खणून लावलेले. पुढे वाटणीत घर तिच्याकडे आलं आणि परडं धाकट्या भावाकडे, सैदलवीकडे. तो नोकरीला दोह्यात, त्यामुळे परडं कुणाचं हा प्रश्न कधी आलाच नाही. तो प्रश्न आला त्या मे महिन्यात. सैदलवी नोकरी सोडून कायमचा परतला आणि चहाचा पहिला घोट घेतानाच थोरल्या बहिणीला म्हणाला, "इत्ता, माड काढतोय. फुटबॉलचं टर्फ घालायचं. हिरवा गालिचा, वर दिवे. पोरं रांगा लावतील बघ."

"आणि मी काय करू? गोलकीपर होऊ?"

तो हसला, पण माघार घेईना. "माड देतात काय गं? पंचेचाळीस दिवसांनी पाडेली चढतो आणि साठ नारळ उतरतात. एकोणीस माडांचे साठ! लोक हसतात."

साठ का उतरतात? त्याच्याच जुळ्या पोरांना सांभाळायला ही बाई आदली दोन वर्षं दोह्यात जाऊन राहिली होती, म्हणून! त्या दोन वर्षांत माडांना ना खत, ना आळं, ना पाणी. वर एक उन्हाळा असा की विहिरीचा तळ दिसला. हे तिच्या अगदी ओठावर आलं. पण पोरांचं केलेलं बोलून दाखवायचं नाही, म्हणून तिने गिळलं. तेवढंच म्हणाली, "एक वर्ष दे. पुढच्या मे महिन्यात एका पाडणीला दोनशे नारळ उतरले नाहीत, तर तुझी मशीन आण. मी आडवी येणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

मग काय, अठ्ठावन्न वर्षांची बाई कंबर कसून उभी राहिली. प्रत्येक बुंध्याभोवती दोन हात सोडून गोल आळं उघडलं आणि त्यात चुना टाकला. पाऊस जरा स्थिरावल्यावर टोपल्या टोपल्या हिरवा पाला, शेण, राख आणि वर्षाच्या खताच्या तीन हिश्श्यांतला पहिला. उरलेले दोन हिस्से सप्टेंबरात, पाऊस ओसरला पण ओल होती तेव्हा. पोटॅश सगळ्यात जास्त, कारण माडाची भूक तीच. डिसेंबरात आळ्यांत नारळाची सोडणं पालथी घालून वर झावळ्या पसरल्या आणि दर चौथ्या दिवशी पाणी. हाताला घट्टे पडले. सैदलवी ओट्यावरून म्हणायचा, "इत्ता, एवढी सेवा माझी केली असतीस तर मी मंत्री झालो असतो."

"तुला पोटॅश घातलं असतं तरी तू टर्फच मागितलं असतंस."

झावळ्यांचा रंग पालटला, पिवळेपणा गेला. दर महिन्याला नवी पोय, माडाच्या फुलांचा तुरा, फुटत होती. आणि बोंडं गळत होती. रोज सकाळी आळ्यात सुपारीएवढी हिरवी बोंडं पडलेली असायची, टोपी निघालेली. ती सुपात गोळा करायची. त्यांचं होत काहीच नाही, पण तिथे पडू द्यायला मन होईना.

पाडेली चातुकुट्टी वर चढून बघून आला. "किडा नाही, इत्ता. डंखाचे डाग नाहीत, डिंक नाही, बुरशी नाही. पोयीवर मादीफुलंच आठ-दहा. चांगल्या माडाला वीस-पंचवीस येतात. त्यातली निम्म्याहून जास्त तो आपणहून टाकतो, पण सात-आठ धरतो. इथे दहातलं एक टिकतंय, फार तर दोन."

"मग मी खाऊ घातलेलं जातंय कुठे?"

"ते माडाला विचारा. मी नुसता चढणारा."

फेब्रुवारीत कृषिभवनातल्या श्रीजाबाई आल्या. त्यांनी आळी बघितली, तोंड भरून कौतुक केलं. बीयुम्माने सुपातली बोंडं त्यांच्यापुढे धरली. बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुमचं काही चुकलेलं नाही हो. आज उघडली ती पोय पानाच्या बगलेत धरून अडीच वर्षं झाली. तिच्यावर फुलं किती, हेही वर्षभर आधी ठरलेलं. ती उपाशीपोटी वाढली आहे. आत्ताच्या पाण्याने थोडं फळ टिकेल, पण नसलेलं फूल कुठून येणार? तुमचं खत दिसायला लागेल या पावसाळ्यानंतर. पुरतं दिसायला आणखी एक वर्ष."

बीयुम्माने सूप खाली ठेवलं. पावसाळ्यानंतर! आणि शब्द मे महिन्याचा.

तिने भावाला सांगून बघितलं. कधी नव्हे ते हात धरले त्याचे. तो चिडला नाही, तेच वाईट. "इत्ता, आधी एक म्हणालीस, आता तीन. पुढे पाच म्हणशील. मी टर्फवाल्यांना तारीख देऊन बसलोय. तू कधी शब्द फिरवलास का? मग आता?"

शब्द तिचाच होता.

मे महिन्याच्या पाडणीला चौऱ्याऐंशी नारळ उतरले. चातुकुट्टीने दोनदा मोजले, तिच्याकडे न बघता. चौथ्या दिवशी मशीन आली. एका माडाला तिला दहा मिनिटंही लागत नव्हती. ढकलायचं, मुळं करकरायची, की झालं. बीयुम्मा स्वयंपाकघरात तांदळाची पत्तिरी लाटत बसली. लाटली, भाजली, कुणी खाल्ली नाही. दुपारच्या बांगेला एकोणीसही आडवे होते.

पडलेल्या माडाच्या शेंड्यातला कोवळा गाभा शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटायची रीत. चातुकुट्टी कोयता घेऊन पहिल्या शेंड्यावर बसला आणि बाहेरच्या झावळ्या छाटत आत जाऊ लागला. बीयुम्मा बाहेर आली. "थांब. पोयी एकेक काढ. बाहेरून आत."

"कशाला, इत्ता?"

"काढ म्हणते ना."

त्याने पहिली मिटलेली पोय चिरली. मादीफुलं नऊ. दुसरीत अकरा. तिसरीत, पावसाळ्यात उघडली असती तिच्यात, सतरा. चौथी वीतभरच होती. तिच्यातली बोंडं मिऱ्यांएवढी, पांढरट, दाटीने बसलेली. ती ओणवून बोटाच्या टोकाने मोजायला लागली. सव्वीस. पाचवी त्याहून लहान, मोहरीएवढे दाणे, नखाने बाजूला करावे लागत होते. तिने दोनदा मोजले. एकतीस.

सैदलवी मशीनवाल्याला पाणी देऊन इकडे आला. "काय बघताय?" त्याने वाकून बघितलं. दोह्याला जाण्यापूर्वी तोही याच माडांखाली वाढला होता. त्याला सांगावं लागलं नाही. पाण्याचा तांब्या त्याच्या हातात तसाच राहिला. "इत्ता," तो म्हणाला, "हे... हे कधी उघडलं असतं?"

"ओणमनंतर. पाऊस सरता सरता."

सैदलवीने तांब्या जमिनीवर टेकवला. बीयुम्माला त्याचा राग यायला हवा होता, पण तो येईना. राग येत होता तो स्वतःच्या त्या एका वर्षाचा. तिने दाणे भरलेली ती पोय पुन्हा मिटवायचा प्रयत्न केला. चिरलेलं ते मिटेना. चातुकुट्टी उठून दुसऱ्या शेंड्याकडे निघाला, तशी ती एकदम ओरडली, "चातू, नको! तिथला गाभा काढ, पण पोयी उघडू नकोस. बाकीच्या अठरांतलं मला मोजायचं नाही."